सुटली आणि सुटली होती

तीन वाक्यं पाहा. ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटली.’ ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटली होती.’ ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटणार होती.’ तिन्ही वाक्यं रात्री नऊ वाजता घरी बसून सांगितली आहेत, असं समजू. तिन्हींत स्टँडवर पोचण्याची वेळही एकच, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पहिल्या वाक्यात एसटी आमच्या डोळ्यांदेखत हलली, म्हणजे सहा दहालाच. दुसऱ्यात ती आधीच गेलेली आहे, समजा सहा पाचला, आणि आम्हाला फक्त रिकामा फलाट दिसला. तिसऱ्यात ती अजून उभी आहे, ड्रायव्हर चहा पितोय, आणि खिडकीजवळची जागा मिळायची आशा आहे.

मराठी बोलणारा पाच वर्षांचा मुलगाही या तिघांत गोंधळत नाही. पण नेमका फरक कशाचा, हे सांगायला गेलं की शाळेतलं व्याकरण अपुरं पडतं. पूर्ण भूतकाळात ‘क्रिया पूर्ण झालेली असते’, असं आपण पाठ करतो. पण ‘एसटी सुटली’ यातली क्रिया काय अपुरी राहिली आहे? रात्री नऊ वाजता बघितलं तर पहिल्या वाक्यातली एसटीही गेली आहे आणि दुसऱ्या वाक्यातलीही. दोन्ही घटना भूतकाळातल्या, दोन्ही संपलेल्या.

मग ‘होती’ लागलं की घटना जास्त जुनी असते का? तेही नाही. ‘पृथ्वी सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी निर्माण झाली’ हे आपण साध्या भूतकाळात म्हणतो, आणि ‘अरे, दोन मिनिटांपूर्वीच तुला सांगितलं होतं’ हे पूर्ण भूतकाळात. अंतर किती, याच्याशी या रूपाचं काही देणंघेणं नाही. बोलण्याची वेळ आणि घटनेची वेळ एवढ्या दोनच खुणा हातात असतील तर या दोन वाक्यांतला फरक दाखवताच येत नाही. तिसरी खूण लागते. ती आपल्या वाक्यात आहेच: ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा’. एसटीच्या सुटण्याकडे आपण रात्रीच्या नऊवरून थेट बघत नाही, सहा दहावर उभं राहून बघतो. जिथे उभं राहून घटनेकडे बघायचं, त्या वेळेला संदर्भवेळ म्हणतात.

ही तिसरी वेळ स्पष्टपणे मांडून तिच्यावर काळांची अख्खी मांडणी उभी करणारा माणूस भाषेचा अभ्यासक नव्हता. हान्स रायशेनबाख हा विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवणारा जर्मन प्राध्यापक होता. जन्म १८९१चा, हॅम्बुर्गचा. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बर्लिनची नोकरी गेली, मग इस्तंबूलला पाच वर्षं काढून १९३८ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेला. तिथे असताना, १९४७ मध्ये, त्याचं तर्कशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक निघालं. त्या जाड पुस्तकात क्रियापदांच्या काळांवर मोजकी पानं आहेत, आणि भाषाविज्ञानात त्याचं नाव घेतलं जातं ते या पानांसाठी.

त्याच्या आधी डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन याने १९२४ मध्ये काळांची एक रेषा आखली होती. मध्ये वर्तमान, डावीकडे भूत, उजवीकडे भविष्य, आणि भूताच्याही अलीकडे-पलीकडे एकेक जागा. ‘सुटली होती’ला त्यात ‘भूताच्या आधीचा भूत’ अशी जागा मिळाली. पण ‘सुटली आहे’ कुठे ठेवायचं? ते घडलं भूतकाळात, पण सांगतं वर्तमानाबद्दल. येस्पर्सनने प्रामाणिकपणे ते रेषेबाहेर ठेवलं आणि त्याला वर्तमानाचाच एक प्रकार मानलं. रायशेनबाखचं म्हणणं असं की रेषा ठीक आहे, पण तिच्यावर दोन नव्हे, तीन खुणा करायला हव्यात, आणि त्या प्रत्येक काळासाठी करायला हव्यात, फक्त पूर्ण भूतकाळासाठी नव्हे.

आपण घटनेला घ, संदर्भवेळेला सं आणि बोलण्याच्या वेळेला बो म्हणू. डावीकडचं आधीचं, स्वल्पविराम असेल तर दोन्ही एकाच वेळी.

```
सुटली        घ,सं — बो
सुटली होती   घ — सं — बो
सुटली आहे    घ — सं,बो
```

‘सुटली’मध्ये आपण घटना घडते त्याच वेळी उभे असतो. ‘सुटली होती’मध्ये बोलण्याच्या आधीच्या एका वेळेवर उभे राहून त्याच्याही मागे बघतो. ‘सुटली आहे’मध्ये आत्ताच्या क्षणावर उभे राहून मागे बघतो. येस्पर्सनला रेषेवर न सापडलेली जागा अशी सापडली. शेवटच्या दोन रूपांत घटना संदर्भवेळेच्या आधीच आहे. त्यांच्यात फरक आहे तो फक्त संदर्भवेळ ‘तेव्हा’ची की ‘आत्ता’ची एवढाच.

मराठीत ही गोष्ट अगदी उघड्यावर मांडलेली आहे, आणि मला या सिद्धान्तातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. ‘सुटली होती’ हे दोन शब्द दोन वेगळी कामं करतात. ‘सुटली’ एवढंच सांगते की घटना संदर्भवेळेच्या आधीची आहे. ‘होती’ एवढंच सांगते की संदर्भवेळ बोलण्याच्या आधीची आहे. ‘होती’च्या जागी ‘आहे’ ठेवा, संदर्भवेळ आत्तावर आली. आता ‘होती’ तशीच ठेवून ‘सुटली’च्या जागी ‘सुटणार’ ठेवा: संदर्भवेळ सहा दहाचीच राहिली, पण घटना तिच्या पुढे गेली. ‘सुटत’ ठेवा, तर घटना संदर्भवेळेला चालूच आहे. पहिला शब्द घटना आणि संदर्भ यांचं नातं सांगतो, दुसरा संदर्भ आणि बोलणं यांचं.

घटना आणि बोलणं यांचं थेट नातं मात्र कुणीच सांगत नाही, आणि त्यातून एक मजेदार गोष्ट निघते. ‘तो उद्या जाणार होता’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे, जरी त्यात ‘उद्या’ आणि ‘होता’ शेजारीशेजारी आले आहेत. काल ठरलं तेव्हा, त्या वेळेवरून पुढे बघता, त्याचं जाणं उद्याचं होतं. तो खरंच जाईल की नाही, याबद्दल वाक्य गप्प आहे. बेत बदलला असावा असा वास येतो, कारण बेत कायम असता तर बोलणाऱ्याने आत्तावर उभं राहून ‘जाणार आहे’ म्हटलं असतं. दोनच वेळा मानणाऱ्या व्याकरणात भविष्यात घडू शकणाऱ्या गोष्टीला ‘होता’ कसा लागतो, हे कोडं राहतं.

इथे पाणिनीची आठवण होते. त्यानेही संस्कृतातल्या भूतकाळाचे तीन भाग केले. सामान्य भूतासाठी लुङ्, आज न घडलेल्या भूतासाठी लङ्, आणि आज न घडलेल्या व बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतासाठी लिट्. पण हे तिन्ही भाग बोलणाऱ्याच्या दिवसावरून आणि त्याच्या डोळ्यांवरून मोजलेले आहेत. बोलणाऱ्याने स्वतःला सोडून तिसऱ्याच एका वेळेवर जाऊन उभं राहणं हा प्रकार त्या वर्गवारीत नाही. मराठीची ‘आहे’, ‘होता’, ‘असेल’ची व्यवस्था वेगळ्याच पायावर उभी आहे, म्हणून ती संस्कृत लकारांच्या साच्यात बसवायला गेलं की ओढाताण होते.

आता ‘आहे’कडे येऊ. घरी कुणी आलं की आतून विचारतात, ‘कोण आलंय?’ उत्तर येतं, ‘मामा आलेत.’ हे वाक्य मामा घरात असेपर्यंतच चालतं. मामा चहा घेऊन निघून गेले की तेच सांगायला ‘मामा आले होते’ म्हणावं लागतं. येण्याची घटना बदललेली नाही, तिची वेळही नाही. बदलली ती संदर्भवेळ. ‘आलेत’मध्ये आत्ताची स्थिती सांगायची आहे, म्हणून ती स्थिती आत्ता टिकलेली हवी. ‘आले होते’मध्ये मामा घरात होते तेव्हाच्या वेळेपुरतं बोलणं आहे.

इंग्रजी शिकताना मराठी मुलांची जी दमछाक होते, तिचं मूळ इथे आहे. इंग्रजीत ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ येतं, आणि शिक्षक सांगतात की ‘हॅव’च्या वाक्यात ‘यस्टरडे’ घालायचं नाही. ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ चूक. मुलाला कळत नाही की यात चुकलं काय, कारण ‘मी त्यांना कालच भेटलोय’ हे मराठीत निर्दोष आहे. रायशेनबाखचं उत्तर असं की वाक्यातला वेळेचा शब्द संदर्भवेळेला चिकटतो. ‘हॅव’च्या वाक्यात संदर्भवेळ आत्ता आहे, आणि आत्ताला ‘काल’ म्हणता येत नाही, म्हणून वाक्य मोडतं. इंग्रजीपुरतं हे पटतं. पण मराठीत ‘कालच भेटलोय’ म्हणताना ‘काल’ सरळ घटनेला जाऊन चिकटतो आणि संदर्भवेळ आत्ताच राहते: काल भेट झाली, आणि ती झाल्यामुळे आज पुन्हा जायची गरज नाही. जर्मनमध्येही अशा वाक्यात ‘काल’ चालतो. म्हणजे तीन वेळांची मांडणी भाषांना सामाईक, पण वेळेचे शब्द कुठल्या खुणेला बांधायचे हा ज्या त्या भाषेचा स्वतःचा नियम. मुलांना नुसतं ‘चूक’ म्हणण्याऐवजी एवढं सांगितलं तर नियम लक्षात राहील, असं मला वाटतं.

वेळेचा शब्द दोन ठिकाणी चिकटू शकतो म्हटल्यावर घोटाळाही होणार, आणि कधीकधी तो महागात पडतो. समजा, एका दुकानात चोरी झाली. मालकाने रात्री साडेआठला कुलूप लावलं. रखवालदार दहा वाजता फेरी मारायला आला. त्याच्या जबाबात लिहिलं गेलं: ‘दहा वाजता दुकानाचं दार उघडलं होतं.’ आता हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. ‘दहा वाजता’ घटनेला बांधलं, तर दार उघडण्याची वेळ दहा, आणि रखवालदार ते नंतर कधीतरी, दुसऱ्या एखाद्या वेळेवरून मागे बघत सांगतोय. ‘दहा वाजता’ संदर्भवेळेला बांधलं, तर दहाला तो तिथे पोचला तेव्हा दार आधीच उघडं पडलेलं होतं, आणि ते साडेआठ ते दहाच्या मध्ये केव्हाही उघडलेलं असू शकतं. पहिलं वाचन खरं धरलं तर पावणेदहाला दुसऱ्या गावच्या बसमध्ये बसलेला माणूस संशयातून सुटतो. दुसऱ्या वाचनात सुटत नाही.

मराठीकडे यावर चांगला इलाज आहे. ‘दहा वाजता दार उघडलेलं होतं’ म्हटलं की पहिलं वाचन मावळतं. ‘उघडलेलं’ हे रूप घटनेला मागे ढकलून फक्त तिची उरलेली स्थिती पुढे ठेवतं, त्यामुळे ‘दहा वाजता’ला त्या स्थितीशीच, म्हणजे संदर्भवेळेशीच, जोडावं लागतं. उलट उघडण्याचीच वेळ सांगायची असेल तर ‘दार दहा वाजता उघडलं’ असा साधा भूतकाळ वापरावा. ‘आधीच’ हा शब्दही कामाचा आहे. तो घटनेला संदर्भवेळेच्या मागे नेऊन ठेवतो. जबाब, पंचनामा, अहवाल लिहिणाऱ्यांनी ‘होतं’ लिहिण्यापूर्वी घड्याळातली वेळ कशाची आहे हे स्वतःला एकदा विचारावं.

संदर्भवेळेचं खरं वैभव मात्र सुट्या वाक्यात नाही, गोष्टीत दिसतं. रायशेनबाखनेही आपला मुद्दा समजावताना सॉमरसेट मॉमच्या ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ या कादंबरीतला उतारा घेतला होता. आपण एक छोटा उतारा इथेच तयार करू.

‘गोदाकाकू सकाळी सातला स्वयंपाकघरात आल्या. सून पहाटेच माहेरी निघून गेली होती. जाताना तिने दुधाचं पातेलं झाकून ठेवलं होतं, मांजराला बाहेर काढलं होतं. काकूंनी पातेल्यावरचं झाकण उचललं.’

पहिल्या वाक्याने आपल्याला सातवर आणून उभं केलं. पुढच्या सगळ्या ‘होतं’मध्ये आपण सातवरून हलत नाही, तिथूनच पहाटेकडे मान वळवून बघतो. सुनेचं जाणं, पातेलं झाकणं, मांजर हाकलणं, सगळं मागचं. ‘उचललं’ आल्याबरोबर मान पुन्हा समोर वळते आणि आपण सातच्या जरा पुढे सरकतो. साधा भूतकाळ गोष्टीचं घड्याळ पुढे नेतो, ‘होतं’ ते थांबवून मागचं दाखवतं. आता एक छोटा बदल करा. ‘मांजराला बाहेर काढलं होतं’मधला ‘होतं’ काढून त्याचं स्वतंत्र वाक्य करा: ‘जाताना तिने दुधाचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मांजराला बाहेर काढलं.’ मांजर कुणी हाकललं? वाचणारा म्हणेल, काकूंनी, आणि तेही सातनंतर. एक ‘होतं’ गेला तर कर्ता बदलला, वेळ बदलली, आणि मांजर दोन तास जास्त घरात राहिलं.

अर्थात मागचा प्रसंग लांबलचक असेल तर प्रत्येक वाक्याला ‘होतं’ लावत बसणं कंटाळवाणं होतं. चांगले कथाकार पहिली एकदोन वाक्यं ‘होतं’ने लिहून संदर्भवेळच मागे नेऊन ठेवतात, मग साध्या भूतकाळात सांगतात, आणि परत यायच्या वेळी ‘आता’ किंवा ‘एवढ्यात’ असा एखादा शब्द टाकून वाचकाला पुढे आणतात. परत येण्याची ही खूण विसरली की वाचक पानभर भलत्याच वर्षात राहतो. कथा तपासताना ‘गोंधळ होतोय, पण कुठे ते कळत नाही’ असं वाटतं, तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

या मांडणीवर आक्षेपही आले, आणि ते हलके नाहीत. ब्रिटिश भाषावैज्ञानिक बर्नार्ड कॉम्रीने १९८५च्या आपल्या पुस्तकात विचारलं की साध्या भूतकाळात संदर्भवेळ कशाला हवी? तिथे ती घटनेच्याच वेळी आहे असं मानायचं, म्हणजे ती काही कामच करत नाही. जी खूण काम करत नाही ती ठेवायची कशाला?

याला एक चांगलं उत्तर कॉम्रीच्या पुस्तकाच्याही आधी तयार होतं. अमेरिकन भाषावैज्ञानिक बार्बरा पार्टी यांनी १९७३ मध्ये एक साधं वाक्य पुढे ठेवलं होतं. घरून निघालेला माणूस निम्म्या वाटेवर दचकून म्हणतो, ‘मी गॅस बंद केला नाही!’ त्याचा अर्थ आयुष्यात कधीच बंद केला नाही असा नाही. रोज करतच असेल. भूतकाळातल्या कुठल्यातरी एका क्षणी बंद केला नाही, असाही नाही. असे क्षण असंख्य आहेत आणि त्यात दचकण्यासारखं काही नाही. त्याच्या मनात एक ठरावीक वेळ आहे, आज सकाळी घर सोडतानाची. वाक्यात ती उच्चारलेली नाही, तरी ऐकणाऱ्याला कळते. साध्या भूतकाळातही आपण ज्या वेळेबद्दल बोलतो ती घटनेहून वेगळी गोष्ट असते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. इथे तर घटना घडलेलीच नाही, मग तिची वेळ कुठली?

जर्मन भाषावैज्ञानिक वोल्फगांग क्लाइन याने १९९४ मध्ये हा धागा आणखी पुढे नेला. त्याने संदर्भवेळेकडे ‘ज्या वेळेबद्दल विधान करायचं आहे ती वेळ’ म्हणून पाहिलं. त्याचं एक उदाहरण असं. साक्षीदाराला विचारलं, खोलीत डोकावलात तेव्हा काय दिसलं? तो म्हणाला, ‘टेबलावर एक पुस्तक होतं. ते रशियन भाषेत होतं.’ पुस्तक आजही रशियन भाषेतच असणार, मग ‘होतं’ का? कारण साक्षीदार पुस्तकाच्या आयुष्याबद्दल बोलत नाही, डोकावण्याच्या त्या घटकेबद्दल बोलतोय. भूतकाळ लागला तो त्या घटकेला, पुस्तकाला नव्हे.

दुसरा आक्षेप भविष्याचा आहे, आणि तो मराठीत फार ठळक दिसतो. ‘उद्या तू येशील तोपर्यंत मी पत्र लिहिलेलं असेल.’ संदर्भवेळ उद्याची, पत्र लिहिणं तिच्या आधी. पण ते बोलण्याच्या आधी की नंतर? रायशेनबाखने बोलणं, मग घटना, मग संदर्भ असा एकच क्रम मुख्य धरला नाही तरी त्याला एकाच रूपासाठी तीन आकृत्या मानाव्या लागतात, कारण पत्र कदाचित आत्ताच लिहून तयारही असेल. भाषेला त्याने फरक पडत नाही. मघाशी ‘जाणार होता’मध्ये दिसलं तेच इथे: रूप फक्त शेजारच्या दोन वेळांची नाती सांगतं, टोकाच्या दोन वेळांचं नाही. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी तिन्ही वेळांचा एकच क्रम लावण्याऐवजी दोन स्वतंत्र नाती मानली. मराठीच्या दोन शब्दांनी ते आधीच सांगितलं होतं.

शिवाय आपला ‘असेल’ बऱ्याचदा भविष्याचा नसतोच. ‘तो एव्हाना घरी पोचला असेल’ यात संदर्भवेळ आत्ता आहे आणि ‘असेल’ फक्त अंदाज सांगतो. ‘काल रात्रीच पोचला असेल’ यात तर भविष्याचा मागमूस नाही. पाठ्यपुस्तकांनी या रूपाला ‘पूर्ण भविष्यकाळ’ असं एकच नाव देऊन थांबू नये, असं माझं मत आहे. रोजच्या बोलण्यात ते अंदाजासाठीच जास्त वापरलं जातं.

उरला मराठीचा एक खास प्रकार. ‘काल मी पुण्याला गेलो होतो.’ याच्या आगेमागे दुसरी कुठलीही भूतकाळातली घटना नाही, तरी ‘होतो’ आहे. इंग्रजीत याच अर्थाने ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ म्हटलं की इंग्रज माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो: गेला होतास, मग काय झालं? भारतीयांच्या इंग्रजीत हा प्रयोग सर्रास आढळतो आणि त्याचं कारण आपल्या भाषांत आहे. मराठी वाक्यात संदर्भवेळ म्हणजे पुण्यातला मुक्काम. जाणं त्याच्या आधीचं, मुक्काम आत्ताच्या आधीचा. म्हणूनच ‘गेलो होतो’ यात ‘आणि परत आलो’ हे न सांगता कळतं, आणि नुसत्या ‘गेलो’मध्ये तसं कळत नाही. ‘मी तुला सांगितलं होतं!’ यातही तेच आहे: संदर्भवेळ म्हणजे ते सांगणं उपयोगी पडायला हवं होतं ती वेळ. ऐकणाऱ्याला ती न सांगताही बरोबर कळते, म्हणून तर त्याला ते वाक्य टोचतं.

या समृद्ध रूपाची सध्या छापील मराठीत नासाडी चालली आहे. ‘त्यांचा जन्म १९२० मध्ये झाला होता. त्यांचं शिक्षण मुंबईत झालं होतं. १९४५ मध्ये त्यांनी संस्था स्थापन केली होती.’ अशी चरित्रं आणि मृत्युलेख आता रोज वाचायला मिळतात. हिंदीतल्या ‘हुआ था’ची छाया त्यावर पडली असावी. या वाक्यांत कुठलीच संदर्भवेळ नाही. वाचक तिची वाट बघतो आणि ती येत नाही. जन्म झाला, शिक्षण झालं, संस्था स्थापन केली, एवढं पुरे आहे. बातम्या, चरित्रं आणि भाषांतरं लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: ‘होता’ लिहिण्याआधी ‘केव्हापर्यंत?’ असं विचारा. वाक्यात किंवा मागच्या-पुढच्या मजकुरात त्याचं उत्तर सापडत नसेल, तर तो ‘होता’ काढून टाका.